माईकची शिट्टी आणि एकतीस स्लायडर

माईकमध्ये शिरलेला आवाज मिक्सर आणि ॲम्प्लिफायरमधून मोठा होतो, स्पीकरमधून बाहेर पडतो, आणि त्यातला काही भाग हवेतून, भिंतींवरून, छतावरून परत त्याच माईकपाशी येतो. प्रत्येक सभागृहात हे चक्र सतत चालू असते. परत आलेला आवाज मूळ आवाजापेक्षा पुरेसा क्षीण असेल तोवर श्रोत्यांना त्याचा पत्ता लागत नाही. आवाज वाढवत नेला की एखाद्या वारंवारतेवर परत आलेला आवाज मूळ आवाजाइतकाच मोठा होतो. मग प्रत्येक फेरीत त्याच्यात भर पडत जाते आणि शिट्टी सुरू होते. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून या घटनेला लार्सन परिणाम म्हणतात. मांडवात आणि सभागृहात काम करणारे लोक तिला फीडबॅक म्हणतात.

शिट्टी प्रत्यक्ष सुरू होण्याच्या आधीच तिचा त्रास सुरू झालेला असतो. परत आलेला आवाज मूळ आवाजापेक्षा ६ डेसिबलने कमी असला, तरी अनुकूल वारंवारतेचा ध्वनिदाब या चक्रामुळे दुप्पट होतो. अंतर ३ डेसिबलवर आले की तो साडेतीन पटींच्या आसपास जातो, आणि १ डेसिबल उरले की नऊ पट होतो. वक्ता बोलायचा थांबला तरी तो स्वर मागे घुमत राहतो, कारण प्रत्येक फेरीत तो फक्त १ डेसिबलने उतरत असतो. या घुमण्याला ध्वनितंत्रज्ञ रिंगिंग म्हणतात. शब्दाच्या शेवटी लागलेली ही शेपूट पुढच्या शब्दावर पडते आणि भाषण अस्पष्ट होते. म्हणून यंत्रणा जुळवताना शिट्टी थांबवली एवढ्यावर भागत नाही. शिट्टीच्या उंबरठ्यापासून ६ डेसिबल खाली राहूनही शेवटच्या रांगेला पुरेसा आवाज मिळाला पाहिजे.

शिट्टी ठरावीक स्वरातच का येते

परत येणारा आवाज मूळ आवाजाशी ताल धरून आला, तरच त्यात भर पडते. स्पीकरपासून माईकपर्यंतचा मार्ग ३.४४ मीटर असेल, तर आवाजाला तो कापायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ज्या वारंवारतांची पूर्ण आवर्तने होतात त्याच जुळून येतात, म्हणजे या एका मार्गाचा विचार केला तर साधारण दर १०० हर्ट्झला एक. खऱ्या सभागृहात मार्ग एक नसतो. थेट येणाऱ्या आवाजाबरोबर फरशीवरून, छतावरून, मागच्या भिंतीवरून आलेले शेकडो तुकडे माईकपाशी एकत्र होतात. काही वारंवारतांवर ते एकमेकांना साथ देतात, काहींवर एकमेकांना खोडतात. त्यामुळे स्पीकर ते माईक या प्रवासाचा आलेख अतिशय दंतुर असतो.

हे दात किती जवळजवळ असतात, याचे गणित मानफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने मांडले. घुमाऱ्याच्या खोलीत लगतच्या दोन शिखरांमधले सरासरी अंतर हर्ट्झमध्ये काढायचे असेल, तर ४ या संख्येला घुमाऱ्याच्या काळाने भागावे. आवाज बंद केल्यावर ६० डेसिबलने विरायला जेवढे सेकंद लागतात तो घुमाऱ्याचा काळ. सव्वादोन सेकंद घुमणाऱ्या सभागृहात दर १.८ हर्ट्झच्या आसपास एक शिखर येते. याचा अर्थ शिट्टी देऊ शकतील अशा जागा हजारोंनी असतात आणि त्यांच्यातली सर्वांत उंच जागा आधी बोलते. ती दाबली की तिच्या खालची बोलते. इक्वलायझरने काय साधेल आणि काय साधणार नाही, हे सगळे या एका गोष्टीवर ठरते.

फीडबॅकवर फिल्टरने उपाय करण्याची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत रुजली. टेक्सास विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स पॉल बोनर यांनी सभागृहातल्या घुमणाऱ्या वारंवारता शोधून त्यांच्यासाठी अरुंद फिल्टर बसवायला सुरुवात केली. पुढे १९६७ मध्ये आल्टेक लान्सिंग कंपनीने एकतृतीयांश अष्टक रुंदीच्या फिल्टरांचा संच बाजारात आणला. आजचा ३१ स्लायडरचा ग्राफिक इक्वलायझर त्याच विचाराचा वारस आहे. त्यात २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंतचा पट्टा ३१ भागांत वाटलेला असतो आणि प्रत्येक स्लायडर आपल्या भागाचा आवाज कमीजास्त करतो. २०० च्या शेजारी २५०, मग ३१५, ४००, ५०० अशा आकड्यांची ही रांग असते आणि दर तीन स्लायडरनंतर वारंवारता दुप्पट होते.

अडीच हजार हर्ट्झच्या स्लायडरची रुंदी सुमारे ५८० हर्ट्झ असते. सव्वादोन सेकंद घुमणाऱ्या सभागृहात तेवढ्या पट्ट्यात तीनशेहून अधिक शिखरे मावतात. स्लायडर एका शिखराला नेमके गाठू शकत नाही, तो त्या पट्ट्यातल्या सगळ्यांना एकत्र खाली आणतो. म्हणून त्याचे खरे काम एकेका शिट्टीचा पाठलाग करण्याचे नाही. कोणताही पट्टा इतरांच्या फार पुढे जाऊ नये इतपत सगळे पट्टे एका पातळीत आणणे, हे त्याचे काम आहे.

एक सभागृह, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातले असते तसे एक सभागृह घेऊ. लांबी २० मीटर, रुंदी १२ मीटर, उंची साडेचार मीटर. खाली फरशी, भिंतींना प्लास्टर, वर स्लॅब. रिकामे असताना ते सव्वादोन सेकंद घुमते. मंचाच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर एकेक स्पीकर आहे. मधोमध, स्पीकरांच्या रेषेच्या थोडे मागे पोडियम आहे आणि त्यावर एक माईक. माईकपासून प्रत्येक स्पीकर सुमारे ५ मीटर दूर आहे.

स्लायडरला हात लावण्याआधी मांडणी तपासावी लागते. अशा सभागृहात स्पीकरपासून साधारण ३ मीटरच्या पलीकडे थेट आवाजापेक्षा घुमाऱ्याचा आवाज वरचढ होतो, आणि घुमारा खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. माईक त्या सीमेच्या पलीकडे असल्याने स्पीकर आणखी एक मीटर लांब नेऊन फारसा फरक पडत नाही. वक्त्याचे तोंड आणि माईक यांच्यातल्या अंतराचा हिशेब मात्र वेगळा आहे. ते ४० सेंटिमीटरवरून २० वर आणले की माईकला वक्त्याचा आवाज ६ डेसिबलने मोठा मिळतो. तेवढ्याने मिक्सरवरचा आवाज कमी करता येतो आणि शिट्टी तितकीच दूर जाते.

माईकचा प्रकारही याच टप्प्यावर पाहायचा. समोरून ऐकणारा आणि पाठीमागून बहिरा असलेला कार्डिऑइड माईक सर्व बाजूंनी आलेला घुमारा सर्व दिशांना ऐकणाऱ्या माईकपेक्षा जवळजवळ ५ डेसिबलने कमी उचलतो. वक्त्याने त्याची जाळी मुठीत धरली की पाठीमागच्या फटी बंद होतात, माईक सगळीकडून ऐकू लागतो आणि हा फायदा जातो.

पिंक नॉइजने मोजणी

मोजणीसाठी सगळ्या वारंवारता एकाच वेळी असलेला आवाज लागतो. पांढऱ्या नॉइजमध्ये प्रत्येक हर्ट्झला सारखी ऊर्जा असते. वरच्या अष्टकांत हर्ट्झची संख्या दुपटीने वाढत जाते, त्यामुळे हा आवाज वरच्या बाजूला झुकलेला भासतो. पिंक नॉइजमध्ये ही ऊर्जा दर अष्टकाला ३ डेसिबलने उतरवलेली असते, म्हणून प्रत्येक अष्टकाच्या आणि एकतृतीयांश अष्टकाच्या वाट्याला सारखीच ऊर्जा येते. इक्वलायझरचे स्लायडर त्याच पट्ट्यांत वाटलेले असल्याने, विश्लेषकाच्या पडद्यावर पिंक नॉइजचा सरळ आलेख दिसला तर यंत्रणा सगळे पट्टे समान वाजवते असा अर्थ होतो. जिथे उंचवटा दिसतो, त्याच नावाचा स्लायडर हाताशी असतो.

ऐकण्यासाठी मोजमापाचा माईक वापरतात. गायनाचे किंवा भाषणाचे माईक काही वारंवारता मुद्दाम उठावदार करतात. मोजमापाचा माईक बारीक पडद्याचा असतो, सर्व दिशांना सारखा ऐकतो आणि आपल्याकडून रंग भरत नाही. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा द्यावा लागतो. चांगल्या माईकसोबत त्याच्या त्रुटींची नोंद असलेली कॅलिब्रेशन फाइल मिळते आणि विश्लेषक सॉफ्टवेअर ती विचारात घेते. लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि रूम ईक्यू विझार्डसारखे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते.

मोजणीच्या वेळी पंखे आणि वातानुकूलन बंद ठेवतात. इक्वलायझरचे सगळे स्लायडर शून्यावर असतात, कॉम्प्रेसर बंद असतो आणि पोडियमचा माईक म्यूट केलेला असतो. पिंक नॉइज अगदी खालून सुरू करून हळूहळू वाढवावा लागतो, कारण पूर्ण ताकदीने अचानक सोडलेल्या नॉइजने स्पीकरचा ट्वीटर जळू शकतो. श्रोत्यांच्या जागी ८० डेसिबलच्या आसपास पातळी पुरते, फक्त ती प्रत्येक पट्ट्यात सभागृहाच्या मूळ गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर हवी. एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवतात. दोन्ही एकदम वाजवले तर दोघांचे आवाज काही वारंवारतांवर एकमेकांना खोडतात, आणि त्या खळग्यांचा दोष स्पीकरवर किंवा खोलीवर टाकला जातो.

मोजमापाचा माईक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर ठेवतात आणि पाच-सहा जागी मोजणी करून सरासरी काढतात. पिंक नॉइज क्षणोक्षणी हेलकावतो, विशेषतः खालच्या पट्ट्यांत, म्हणून प्रत्येक जागी निदान १० ते १५ सेकंदांची सरासरी घ्यावी लागते. एकाच जागेच्या मोजणीवर विसंबणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे, कारण त्या जागेचे दोष सगळ्या सभागृहाचे समजून इक्वलायझर बिघडवला जातो.

उदाहरणातल्या सभागृहात समजा तीन गोष्टी दिसल्या. १६० आणि २०० हर्ट्झचे पट्टे ६ डेसिबलने उंचावलेले आहेत. २,५०० आणि ३,१५० चे पट्टे ४ डेसिबलने वर आहेत. तिसऱ्या रांगेत ८० हर्ट्झला ९ डेसिबलचा खळगा आहे, पण दोन मीटर मागे गेल्यावर तो दिसत नाही.

या तिघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. खालच्या उंचवट्याचे कारण स्पीकरची जागा आहे. स्पीकर कोपऱ्यालगत असेल, तर सगळीकडे पसरणारे खालचे स्वर दोन्ही भिंतींवरून परतून पुढे जातात आणि थेट आवाजात मिळतात. स्पीकर कोपऱ्यातून एक मीटर बाहेर आणला की उंचवटा ४ डेसिबलवर येतो, आणि उरलेल्यासाठी १६० व २०० चे स्लायडर प्रत्येकी २ डेसिबलने खाली घेतले जातात. शेजारच्या फिल्टरांच्या कडा एकमेकांवर चढत असल्याने दोघांचा एकत्रित परिणाम आकड्यापेक्षा जास्त होतो. म्हणून स्लायडर अर्ध्याच अंतराने हलवून पुन्हा मोजणे योग्य. वरचा उंचवटा स्पीकरच्या हॉर्नचा आहे आणि तो सगळ्या जागी सारखा दिसतो. तिथे २,५०० ला ३ आणि ३,१५० ला २ डेसिबलची कपात पुरते.

खळग्याला हात लावायचा नसतो. तिथे थेट आवाज आणि फरशीवरून किंवा भिंतीवरून आलेला आवाज एकमेकांना खोडत आहेत. स्लायडर वर केला तर दोघेही सारखेच वाढतात आणि खोडणे चालूच राहते. शिवाय ६ डेसिबलने उचललेल्या पट्ट्यासाठी ॲम्प्लिफायरला चौपट शक्ती खर्च करावी लागते आणि इतर रांगांना तो आवाज नकोसा मोठा लागतो. इक्वलायझरमध्ये कापणे बहुतेक वेळा योग्य आणि वाढवणे क्वचितच योग्य असते, त्याचे हे कारण.

आलेख टोकापर्यंत सरळ करण्याचा मोहही टाळावा लागतो. वरचे स्वर हवेत, पडद्यांत आणि कपड्यांत अधिक शोषले जातात. त्यामुळे मुळात संतुलित असलेला स्पीकरसुद्धा दूर बसून मोजला तर वरच्या बाजूला उतरता दिसतो, आणि कानाला ते स्वाभाविक वाटते. दोन हजार हर्ट्झपर्यंत साधारण सपाट आणि तिथून १० हजारापर्यंत ४ ते ६ डेसिबल उतरत जाणारा आलेख भाषणाच्या सभागृहासाठी चांगला असतो. पुढच्या टोकाला जबरदस्तीने वर आणले तर आवाज कर्कश होतो आणि शिट्टीसाठी नवा पट्टा तयार होतो.

माईकच्या जागेवरून पाहणे

इथवर झालेली मोजणी श्रोत्यांच्या कानाची आहे. शिट्टी मात्र माईकच्या जागी तयार होते आणि तिथे ऐकू येणारा आवाज वेगळा असतो. स्पीकर वरचे स्वर समोर फेकतो आणि खालचे स्वर चारी दिशांना सोडतो. त्याच्या मागे उभ्या असलेल्या माईकला म्हणून खालचे आणि मधले स्वर जास्त पोहोचतात. भाषणाच्या बहुतेक माईकना ३ ते ६ हजार हर्ट्झच्या दरम्यान मुद्दाम उठाव दिलेला असतो, तोही या चक्रात मिसळतो.

हे पाहण्यासाठी पोडियमचा माईक मुख्य आउटपुटकडे न पाठवता फक्त विश्लेषकाला जोडतात आणि सभागृहात पुन्हा पिंक नॉइज वाजवतात. पडद्यावर दिसतो तो स्पीकर, खोली आणि माईक या तिघांचा मिळून बनलेला आलेख. त्यातले उंचवटे पहिल्या शिट्ट्या कुठे येणार हे आधीच सांगतात. उदाहरणात ४०० हर्ट्झच्या आसपास आणि अडीच ते तीन हजारांच्या दरम्यान ते दिसतात.

शिट्टी बाहेर काढणे

या टप्प्याला तंत्रज्ञ रिंग आउट म्हणतात. तो मुख्य इक्वलायझरवर न करता फक्त माईकच्या गटाला लावलेल्या वेगळ्या इक्वलायझरवर करणे चांगले, कारण माईकच्या शिट्टीसाठी केलेली कपात वाजवल्या जाणाऱ्या संगीतावर लादण्याची गरज नसते. डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय सहज मिळते. माईकच्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचे स्वर कापणारा फिल्टर आधी चालू करतात. भाषणाला त्या स्वरांची फारशी गरज नसते आणि मंचावरची धडधड त्याने आत येत नाही.

मग पोडियमपाशी एक माणूस उभा करतात, कारण शरीरावरून परतणाऱ्या आवाजानेही चक्र बदलते. माईक चालू करून फेडर अगदी सावकाश वर नेला जातो. मधूनमधून तो माणूस एखादा छोटा शब्द म्हणतो आणि त्या शब्दामागे कोणता स्वर रेंगाळतो ते ऐकले जाते. रेंगाळणे सुरू झाले की विश्लेषकाच्या पडद्यावर एक सुई इतरांच्या वर उभी राहते. फेडर तिथेच थांबवून तिची वारंवारता वाचायची. शिट्टी पूर्ण ताकदीने येऊ देण्याची गरज नसते, आणि तसे केल्याने ट्वीटरला व कानांना इजा होऊ शकते.

पहिली सुई ४०० हर्ट्झला उभी राहते. तो स्लायडर ३ डेसिबल खाली घेतल्यावर फेडर आणखी २ डेसिबल वर जाऊ शकतो. दुसरी २,८०० ला येते. ही वारंवारता २,५०० आणि ३,१५० यांच्या बरोबर मध्ये पडते, म्हणून दोन्ही स्लायडर २-२ डेसिबलने उतरवले जातात आणि दीड डेसिबलची जागा मिळते. तिसरी १,२५० ला येते, तिथे ३ डेसिबल कापून १ डेसिबल हाती लागतो. त्यानंतर फेडर जरा वर नेताच ३१५, ८०० आणि ५,००० या तिन्ही ठिकाणी एकदम रेंगाळणे सुरू होते.

इथे थांबायचे असते. अनेक वारंवारता एकाच वेळी बोलू लागल्या याचा अर्थ सगळे पट्टे उंबरठ्याच्या सारख्याच जवळ आले आहेत. पुढे कापत गेल्यास सगळेच स्लायडर थोडे थोडे खाली जातील, आणि तो परिणाम फेडर खाली घेण्यापेक्षा वेगळा नसेल. शेवटी फेडर या बिंदूपासून ६ डेसिबल खाली आणून तिथे खूण केली जाते.

सगळ्या खटाटोपात साडेचार डेसिबल मिळाले, आणि एवढ्या काळजीने काम केल्यावर साधारण इतकीच अपेक्षा ठेवता येते. वक्त्याने माईक निम्म्या अंतरावर घेतला असता तर त्याहून जास्त, ६ डेसिबल मिळाले असते. मांडणी आधी आणि इक्वलायझर नंतर हा क्रम यासाठीच आहे.

चुकले कसे ओळखावे

जादा कापल्याची पहिली खूण उच्चारात मिळते. 'पाट' आणि 'ताट', 'साल' आणि 'शाल' यांच्यातला फरक कान मुख्यतः एक हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांवरून ओळखतो. शिट्टीच्या धास्तीने २ ते ४ हजारांचे स्लायडर १०-१२ डेसिबल खाली ओढले, की आवाज मोठा असूनही शब्द कळत नाहीत. लोक आवाज वाढवायला सांगतात आणि शिट्टी पुन्हा येते. २५० ते ५०० चे पट्टे फार कापले तर आवाज पातळ होतो आणि वक्त्याचा आवाज ओळखीचा वाटेनासा होतो.

तपासणीचा सोपा मार्ग इक्वलायझरच्या बायपास बटणात आहे. दोन्ही स्थितींत आवाजाची पातळी सारखी ठेवून एकच परिच्छेद वाचून घ्यावा. इक्वलायझर बाजूला केल्यावर शब्द अधिक स्पष्ट वाटले, तर जुळवणी चुकली आहे. पाच-सहाहून अधिक स्लायडर ६ डेसिबलपेक्षा खाली गेले असतील, तर दोष बहुधा मांडणीत आहे आणि स्लायडर शून्यावर आणून पहिल्यापासून सुरुवात करणे बरे.

एकाहून अधिक माईक चालू असले की हिशेब बदलतो. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. कीर्तनात कीर्तनकार, मृदंग, पेटी आणि टाळकरी मिळून सहा माईक उघडे असतील, तर एका माईकच्या तुलनेत जवळजवळ ८ डेसिबल जातात. रिंग आउटने मिळवलेल्या साडेचार डेसिबलपेक्षा ही घट मोठी आहे. त्या क्षणी ज्याची गरज नाही तो माईक खाली घेणे हा इथला सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

श्रोते आल्यावर मात्र परिस्थिती सुधारते. उदाहरणातल्या सभागृहात दोनशे माणसे बसली, की त्यांच्या अंगाने आणि कपड्यांनी होणारे शोषण खोलीच्या मूळ शोषणाइतकेच होते. घुमारा सव्वादोन सेकंदांवरून साधारण ११०० मिलिसेकंदांवर येतो आणि त्याची पातळी ३ डेसिबलने उतरते. रिकाम्या सभागृहात केलेली जुळवणी म्हणूनच सुरक्षित बाजूला असते. भरल्या सभागृहात फेडरला थोडी अधिक जागा मिळते आणि वरचे स्वर किंचित मंद झाल्याने तिथली एखादी कपात अर्ध्याने परत देता येते.

तापमानाचाही परिणाम होतो. हवा २० अंशांवरून ३० अंश सेल्सियसवर गेली की ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटरवरून ३४९ मीटर होतो आणि खोलीतली शिखरे जवळजवळ दोन टक्क्यांनी वर सरकतात. अडीच हजार हर्ट्झला हे सरकणे चाळीसेक हर्ट्झचे असते. स्वयंचलित फीडबॅक दाबणाऱ्या यंत्रांचे अतिशय अरुंद फिल्टर या बदलाने आपल्या लक्ष्यापासून सुटू शकतात. ग्राफिक इक्वलायझरचा ५८० हर्ट्झ रुंदीचा पट्टा त्यामानाने रांगडा आहे, तो चांगला आवाजही सोबत कापतो, पण सकाळी केलेली त्याची जुळवणी दुपारच्या उन्हातही टिकते. हाती माईक घेऊन मंचभर फिरणाऱ्या वक्त्यासाठीही हाच रुंदपणा उपयोगी पडतो, कारण माईक हलला की शिट्टीची वारंवारताही हलते.

जुळवणी ज्या मांडणीत झाली त्याच मांडणीत ती खरी असते. म्हणून काम संपल्यावर स्पीकरच्या स्टँडच्या आणि पोडियमच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवतात, स्लायडरच्या स्थितीचे छायाचित्र काढतात किंवा डिजिटल मिक्सरमध्ये ती जतन करतात. स्पीकर हलला, माईकचे मॉडेल बदलले किंवा सभागृहात नवे पडदे आले, तर पिंक नॉइजची मोजणी आणि रिंग आउट दोन्ही पुन्हा करावे लागतात.